‘कमीत कमी’ वाचलं की चिन्ह उलटं का पडतं?

*माझी मुलगी अकरावीत आहे. समीकरणं फटाफट सोडवते, पण शाब्दिक उदाहरणात ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा जास्त नाही’ असं काही आलं की असमानतेचं चिन्ह हमखास उलटं टाकते. कुठल्या शब्दाला कुठलं चिन्ह याचा तक्ता भिंतीवर लावून पाठ करून घेतला तरी तेच. आणि > लिहिलं काय, ≥ लिहिलं काय, खरंच एवढा फरक पडतो का?*

तो तक्ता आधी भिंतीवरून काढा. मी 22 वर्षं शिकवण्या घेतोय आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तोच तक्ता फळ्यावर लिहायचो. मुलं तो पाठ करतात, आणि परीक्षेत उजवी बाजू डावीकडच्या शब्दाला नेमकी चुकीची जोडतात.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. ‘कमीत कमी’ वाचताना कानावर दोनदा काय पडतं? ‘कमी’. हात आपोआप < कडे जातो. ‘जास्तीत जास्त’चं तेच, फक्त उलट्या दिशेने. मागे एका मुलाने वहीत लिहिलं होतं: पास व्हायला कमीत कमी 35 गुण हवेत, म्हणून x < 35. मी विचारलं, “चाचणीत तुला किती पडले?” म्हणाला, “61.” म्हटलं, “मग तुझ्या हिशेबाने तू नापास.” तो हसला, खोडरबर फिरवला आणि x > 35 केलं. म्हटलं, “छान. आता बरोब्बर 35 वाला बिचारा नापास झाला.” तेव्हा कुठे खालची रेघ आली.

या एका प्रसंगात तुमच्या मुलीची सगळी अडचण आहे. चिन्ह लिहिताना दोन वेगळे निर्णय घ्यायचे असतात: तोंड कुठल्या बाजूला, आणि खाली रेघ द्यायची की नाही. तक्ता हे दोन्ही एकाच घासात गिळायला लावतो.

मी आता मुलांना एकच प्रश्न विचारायला लावतो: चालेल का? आणि तो तीन आकड्यांना विचारायचा. उदाहरणात दिलेला काठावरचा आकडा, त्याच्या एक घर खालचा आणि एक घर वरचा. पास होण्याच्या उदाहरणात 34 चालेल? नाही. 36 चालेल? हो. म्हणजे चालणारे आकडे मोठ्या बाजूला, तोंड ठरलं. आता 35 चालेल? चालेल, म्हणून रेघ. x ≥ 35. ‘कमीत कमी 35’चा खरा अर्थ एवढाच की जे जे चालतात त्यांत सगळ्यात छोटा 35 आहे. बाकीचे सगळे त्याच्याहून मोठेच असणार. ‘कमी’ हा शब्द त्या एका टोकाच्या आकड्याबद्दल बोलतो, सगळ्या आकड्यांबद्दल नाही. (‘निदान एक फोन तरी करायचास!’ असं म्हणणाऱ्या आईला दोन फोन केले तर ती रागावत नाही. हे वाक्य मुलांना लगेच पटतं.)

‘पेक्षा जास्त नाही’मधली चूक जरा वेगळी. लिफ्टमध्ये लिहिलंय, 8 पेक्षा जास्त माणसं नकोत. मुलं मनात म्हणतात, जास्त नको म्हणजे कमी हवं, आणि p < 8 लिहितात. झालं, आठवा माणूस विनाकारण जिन्याने चढतो. ‘जास्त’च्या उलट ‘कमी’ नसतं. ‘जास्त नाही’ यात कमी आणि बरोबर दोन्ही येतात. इथेही विचारा: 9 चालतील? नाही. 7? हो. 8? हो. p ≤ 8. नुसतं ‘8 पेक्षा जास्त’ असतं, तर 8 चाललाच नसता आणि रेघही आली नसती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रेघेने फरक पडतो का. मी वर्गात नेहमी घेतो ते एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

वर्गाची सहल काढायची आहे. बसचं भाडं 12,500 रुपये. जेवणखाण माणशी 150 रुपये. सोबत 3 शिक्षक, त्यांचं जेवण जमलेल्या पैशांतूनच, पण त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची नाही. प्रत्येक विद्यार्थ्याकडून 500 रुपये. ड्रायव्हर सोडून बसमध्ये 44 पेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत. सहलीत तोटा व्हायला नको. तर कमीत कमी किती विद्यार्थी हवेत, आणि जास्तीत जास्त किती नेता येतील?

इथे पहिला सापळा शेवटच्या वाक्यात आहे. ‘कमीत कमी’ दिसलं की मुलं लगेच x ≥ लिहितात आणि पुढे काय लिहायचं म्हणून पेन चावत बसतात. त्या शब्दामागे आकडा नाही, ‘किती’ आहे. आकडा असेल तर ती अट असते, ‘किती’ असेल तर तो प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर गणित सुटल्यावर वाचायचं असतं. खरी अट ‘तोटा व्हायला नको’ या तीन शब्दांत लपली आहे, जिथे कमी-जास्तचं नावही नाही.

x म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. हे वाक्य वहीत लिहायलाच लावा. नुसतं ‘x = विद्यार्थी’ लिहिणारी मुलं अर्ध्या वाटेत x ला रुपये समजायला लागतात. जमा 500x. खर्च 12500 + 150(x + 3), कारण जेवणारे x + 3 आहेत. जमा आणि खर्च बरोबर झाले तर चालेल का? तोटा तर नाही, मग चालेल. जमा जास्त झाली तर? अर्थात चालेल. म्हणून:

500x ≥ 12500 + 150(x + 3)

कंस सोडवून x एका बाजूला आणला की 350x ≥ 12950, म्हणजे x ≥ 37. बसची अट वेगळी लिहायची: x + 3 ≤ 44, म्हणजे x ≤ 41. उत्तर, 37 ते 41 विद्यार्थी.

आता 37 परत घालून बघा. जमा 18,500. खर्च 12,500 आणि 40 जणांचे 6,000, म्हणजे 18,500. पैचाही फरक नाही. 36 घातले तर जमा 18,000 आणि खर्च 18,350, म्हणजे 350 रुपये कुणाच्या तरी खिशातून जाणार. आकडे मी मुद्दाम असे निवडलेत. आता उदाहरणात फक्त एक वाक्य बदला: ‘तोटा नको’च्या जागी ‘थोडे तरी पैसे शिल्लक राहायला हवेत’. रेघ गेली. x > 37, आणि कमीत कमी विद्यार्थी झाले 38. एका रेघेने उत्तर बदललं. परीक्षेत काठावरचा आकडा असाच नेमका पूर्णांक ठेवतात, कारण रेघ कुणी नीट वाचली हे तिथेच कळतं.

वर्गणी 480 केली तर आणखी एक गंमत होते. 330x ≥ 12950, म्हणजे x साधारण 39.24 किंवा त्याहून मोठा. मुलं सवयीने जवळचा पूर्णांक 39 घेतात. पण 39 विद्यार्थ्यांची जमा 18,720 आणि खर्च 18,800, म्हणजे 80 रुपयांचा खड्डा. 40 च हवेत. इथे जवळचा-लांबचा हिशेब नसतो. खालची मर्यादा असेल तर वरचा पूर्णांक, वरची मर्यादा असेल तर खालचा.

आणखी एक जागा आहे जिथे चांगली मुलंही घसरतात, आणि ती खास मराठीतली आहे: ‘5 ने जास्त’ आणि ‘5 पेक्षा जास्त’. ‘ने’ आला की ती बेरीज, चिन्हाशी त्याचा संबंध नाही. ‘आईचं वय मुलीच्या वयाच्या दुपटीपेक्षा 3 ने जास्त आहे’ हे सरळ समीकरण आहे, a = 2m + 3. इथला ‘पेक्षा’ बघून > टाकायचं नाही. ‘दुपटीपेक्षा किमान 3 ने जास्त’ म्हटलं की मगच a ≥ 2m + 3. मी मुलांना ‘ने’भोवती गोल करायला लावतो, आधी तेवढी बेरीज लिहा, चिन्हाचं नंतर बघू.

मुलगी मोठी आहे, तर वहीबाहेरचं एक खरं उदाहरणही तिला द्या. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने राज्याच्या मंत्रिमंडळावर मर्यादा आली: मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. महाराष्ट्रात 288 सदस्य, 15 टक्के म्हणजे 43.2. m ≤ 43.2, म्हणून जास्तीत जास्त 43. आता तिला गोवा करायला सांगा. तिथे 40 सदस्य, m ≤ 6. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की मंत्र्यांची संख्या 12 पेक्षा कमी नसावी, m ≥ 12. दोन्ही अटी एकत्र पाळणारा एकही आकडा नाही! गणितात आपण ‘उकल नाही’ लिहून मोकळे होतो. कायद्यात मात्र ती दुसरी ओळ छोट्या राज्यांसाठीचा अपवाद म्हणून वाचली जाते, म्हणून गोव्यात 12 मंत्री असू शकतात. माझ्या शिकवणीत या उदाहरणावर अर्धा तास भांडण झालं होतं, आणि त्या दिवशी ‘पेक्षा कमी नाही’चं चिन्ह कुणाचंच चुकलं नाही.

एक इशारा. ‘500 रुपयांच्या आत’ किंवा ‘18 वर्षांवरील’ अशा शब्दांत काठावरचा आकडा धरायचा की नाही हे बोलताना स्पष्ट नसतं. दुकानात 500 ची वस्तू ‘500 च्या आत’ म्हणून खपते, आणि घरी त्यावरून वाद होतो. असा शब्द आला आणि आजूबाजूला काही खुलासा नसला, तर तिने उत्तरात एक ओळ लिहावी: ‘500 धरून’ किंवा ‘500 सोडून’. मी पेपर तपासतो तेव्हा अशी ओळ दिसली की दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देतो.