लिलावाचे शॉट : फोन आणि कॅमेरा एका टाइमलाइनवर

प्रश्न : हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव शूट केला. एक अँगल आयफोनवर, दुसरा मिररलेस कॅमेऱ्यावर, स्टँडर्ड प्रोफाइलला. रिझॉल्व्हमध्ये एकाखाली एक लावले तर फोनचे शॉट फिके आणि पिठूळ दिसतात, कॅमेऱ्याचे पिवळट. गेनची चाकं फिरवून हात दुखले, पण कट झाला की उडी दिसतेच. काय करू?

उत्तर : चाकांना जरा विश्रांती द्या. फोनची एक क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि या दोन ओळी शोधा :

```
Color primaries          : BT.2020
Transfer characteristics : HLG
```

हे दिसलं तर पिठूळपणाचं कारण सापडलं. आयफोन १२पासून पुढचे फोन मुद्दाम बंद केलं नाही तर व्हिडिओ एचडीआरमध्येच घेतात. त्याचे रंग मोठ्या डब्यात भरलेले असतात, आणि साधी टाइमलाइन ते लहान डब्यातले समजून वाचते. म्हणून सगळं धुवून काढल्यासारखं दिसतं. हे गेन, सॅच्युरेशनने सुधारायला गेलात तर चेहरा जमेपर्यंत आकाश बिघडतं. मी मुरूडच्या किनाऱ्यावरच्या एका हळदीच्या व्हिडिओवर अशा दोन रात्री घातल्यात. शेवटी हळदच हिरवट दिसायला लागली होती.

फोनच्या क्लिपवर तीन नोड करा. मधल्यावर `Color Space Transform` टाका, फुकटच्या आवृत्तीतही आहे. `Input Color Space` ला `Rec.2020`, `Input Gamma` ला `Rec.2100 HLG`, आउटपुटला `Rec.709` आणि `Gamma 2.4`. `Tone Mapping Method` ला `DaVinci` ठेवा. एक्सपोजर कमीजास्त करायचं ते त्याच्या आधीच्या नोडवर, म्हणजे मावळतीचं आकाश फाटत नाही. रंगाची जुळवाजुळव नंतरच्या नोडवर.

आता कोणाला कोणाच्या मागे न्यायचं ते ठरवा. ज्या फुटेजला कमी वाकवता येतं, ते जागेवर ठेवायचं. तुमचा कॅमेरा स्टँडर्ड प्रोफाइलला होता, म्हणजे बहुधा ८ बिट. ओढाताण केली की आकाशात पट्टे दिसतील. फोनची एचडीआर क्लिप १० बिट आहे, ती जास्त सोसते. म्हणजे महागडा कॅमेरा राजा आणि फोन सेवक असं ठरवून नव्हे, पण इथे फोनलाच कॅमेऱ्याकडे न्यायचं. फोनवर एचडीआर बंद असता तर मी उलटं सांगितलं असतं.

कॅमेऱ्याचा शॉट जागेवर ठेवायचा, पण आधी तो स्वच्छ करून घ्यायचा. आपल्याकडे इथेच गफलत होते. खाऱ्या वाऱ्यात तासभर उभं राहिलं की लेन्सवर मिठाचा पातळ थर बसतो, आणि सूर्य समोर आला की पूर्ण चित्रावर धुकं चढतं. ओळखायची खूण सोपी आहे. वेव्हफॉर्म बघा. होडीच्या कडेला बांधलेले जुने टायर सावलीत काळेच असायला हवेत. समुद्राकडे तोंड असताना ते ९०–१००वर तरंगतात आणि गावाकडे वळल्यावर खाली बसतात, तर तो मिठाचा प्रताप. अशा शॉटचा लिफ्ट खाली घेऊन टायर ४०च्या आसपास आणा. सूर्याभोवतीचं पसरलेलं तेज मात्र याने जात नाही, ते तसंच राहू द्या.

मग पांढरं काय ते शोधायचं. सदरा, बनियन यांच्या नादी लागू नका. नीळ घातलेलं कापड निळंच झुकतं, आणि साबणातल्या चकाकीच्या रसायनांमुळे प्रत्येक कॅमेऱ्याला ते वेगळं दिसतं. बर्फही नको. लिलावात थर्माकोलची पेटी हमखास असते, तिचं झाकण धरा. आवाजावरून दोन्ही क्लिप जुळवा आणि एकाच क्षणाची फ्रेम घ्या, कारण मावळतीला दहा मिनिटांत उजेड बदलतो. सातची क्लिप पावणेसातच्या क्लिपशी जुळवून काही उपयोग नाही.

समजा परेडवर कॅमेऱ्यातलं झाकण लाल ८००, हिरवा ७२०, निळा ६१० दाखवतंय आणि फोनमधलं ७४०, ७२५, ६९०. कॅमेरा चुकलाय असं वाटेल, पण संध्याकाळी थर्माकोल केशरीच दिसायला हवं. फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने ते केशरीपण पुसून टाकलंय. म्हणून झाकण पांढरं करत बसू नका, दोन्हीकडे सारखं करा. गेन हा गुणाकार आहे, तेव्हा भागाकार करा : ८०० भागिले ७४० म्हणजे १.०८, ७२० भागिले ७२५ म्हणजे ०.९९, ६१० भागिले ६९० म्हणजे ०.८८. हे तीन आकडे शेवटच्या नोडवर लाल, हिरवा, निळा यांच्या गेनच्या चौकटीत टाका. झाकण एका फटक्यात जुळतं. क्लिपवर राइट-क्लिक केलं की `Shot Match to this Clip` ची सोय आहे, पण दोन अँगलमध्ये आकाश-वाळूचं प्रमाण वेगळं असलं की ते भलतीकडे नेतं.

एवढं झाल्यावरही मासे विकायला बसलेल्या मावशींचा चेहरा फोनमध्ये उजळ आणि कॅमेऱ्यात काळवंडलेला दिसेल. पाठीमागे मावळतीचं आकाश आहे ना. फोन चेहऱ्यापुरता उजेड वाढवतो आणि आकाशापुरता कमी करतो, कॅमेरा तसं करत नाही. त्यामुळे एका कर्व्हने सगळं चित्र जुळणार नाही, हे आधीच मान्य करा. मी फोनच्या कर्व्हवर सावल्यांच्या भागात एकच बिंदू थोडा खाली ओढतो आणि चेहरा जुळला की थांबतो. मागची वाळू थोडी वेगळी राहिली तरी चालते. कट होताना बघणाऱ्याचं लक्ष माणसावर असतं. समुद्राचं मात्र बघा, फोन त्याला फार निळा करतो. `Hue Vs Sat` मध्ये निळा थोडा उतरवला की पुरे. फोनची धारदार कडा खटकत असेल तर `Midtone Detail` वजा १५–२० करा.

एक गोष्ट सुधारता येत नाही म्हटलं तरी चालेल. फोन लिलावावरून समुद्राकडे फिरवला असेल, तर ऑटो एक्सपोजरने मधेच चित्र गडद केलं असणार. वेव्हफॉर्मचा सगळा पट्टा हळूहळू खाली घसरताना दिसतो. पहिल्या नोडवर गेनला कीफ्रेम लावून बघा, पण आकाश जळून आधीच पांढरं झालं असेल तर ते परत येत नाही. तो तुकडा कापून वर टोपलीतल्या बांगड्यांचा क्लोजअप टाका आणि पुढे चला.

पुढच्या वेळी फोनवर `AE/AF LOCK` येईपर्यंत बोट दाबून ठेवा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ५६०० केल्व्हिनला अडकवा आणि सुरुवातीला थर्माकोलचं झाकण दोन्ही कॅमेऱ्यांत पाच सेकंद घ्या. सूर्य खाली गेल्यावर पुन्हा एकदा घ्या. खिशात चष्म्याचं फडकं ठेवा, लेन्स पुसायला. आधी फुंकर मारून वाळू उडवा, नाहीतर काचेला चरे पडतील.