माल उशिरा येणार, कस्टमरला मेल कसा लिहायचा?

"ऐरोलीत घरून हातमागाच्या चादरी विकते. वेबसाइटवर २६ ऑर्डरींचे पैसे आलेत आणि सोलापूरचा माणूस म्हणतोय माल तीन आठवडे उशिरा. कस्टमरना काय मेल टाकू? नुसतं सॉरी लिहिलं तर चालेल का?"

ताई, नुसत्या सॉरीचं काय होतं ते मी भोगलंय म्हणून सांगतो. मी ठाण्यात वागळे इस्टेटला बिडाचे तवे विकतो, ओतकाम कोल्हापूरला, तेल लावून भट्टीत भाजायचं काम आमच्याकडे. एका दिवाळीआधी ४१ ऑर्डरी (४४ तवे) घेऊन बसलो होतो आणि फाउंड्रीचा फोन आला की लॉटमध्ये बारीक भोकं निघाली, सगळं परत ओतायला लागणार. मी घाईघाईत मेल टाकला, "काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब होत आहे, लवकरात लवकर पाठवू, तसदीबद्दल क्षमस्व". संध्याकाळपासून फोन सुरू, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, लवकरात लवकर म्हणजे कधी? वर तो मेल मी सगळ्यांना एकत्र To मध्ये टाकला होता त्यामुळे सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले, एकाने Reply all करून शिव्या घातल्या. तुम्ही एकेकाला वेगळा मेल पाठवा, २६ म्हणजे काही फार नाहीत.

आता लिहायच्या आधी तारीख काढा, कारण मेलमध्ये खरी किंमत तिलाच आहे. सप्लायर जी तारीख देतो ती त्याच्या दारातून माल निघायची असते, कस्टमरच्या हातात पडायची नाही, आणि आपण नेमकी तीच कस्टमरला कळवून मोकळे होतो. माझा हिशोब असा होता: फाउंड्री म्हणाली १२ ऑक्टोबर, ट्रान्सपोर्टने ठाण्यात यायला दोन दिवस म्हणजे १४, माझ्या भट्टीत दिवसाला बाराच तवे होतात म्हणून ४४ तव्यांना चार दिवस, झाली १८. त्यात फाउंड्रीच्या शब्दावर तीन दिवस जास्तीचे धरले, म्हणजे पार्सल २१ पर्यंत निघणार आणि मुंबईबाहेरच्या कुरिअरला पाच दिवस पकडून हातात २६ ला. मग लिहायचं २६ च, १२ नाही. तुमच्याकडे भट्टी नाही पण चादरी तपासणं, घडी, पॅकिंग आहेच ना, ते दिवस धरा. उशीर दुसऱ्यांदा झाला तर मेल कितीही गोड असो, कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जो मेल टाकला तो जवळजवळ असाच होता (सब्जेक्टमध्ये ऑर्डर नंबर आणि वस्तूचं नाव हवंच, लोक फोनवर तेवढंच वाचतात):

"विषय: ऑर्डर १०८७, १० इंची बिडाचा तवा: उशीर होतोय, तुमचा निर्णय हवा

नमस्कार, तुमचा तवा १० ऑक्टोबरपर्यंत पोचेल असं आम्ही सांगितलं होतं, तसं होणार नाही. ओतकामाच्या लॉटमध्ये दोष निघाला म्हणून तो परत ओतायला टाकलाय. नवीन तारीख २६ ऑक्टोबर. तुम्हाला काय सोयीचं ते याच मेलला फक्त आकडा लिहून कळवा.

१. थांबतो. तवा २६ पर्यंत हातात.
२. बदलून द्या. ८ इंची तवा आत्ता शिल्लक आहे, उद्या पाठवतो, किमतीतला फरक परत करतो.
३. रद्द करा. पूर्ण पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परत, उत्तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकू.

९ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर तुम्ही थांबताय असं धरू, पण पार्सल निघेपर्यंत कधीही रद्द करता येईल. २१ पर्यंत पार्सल निघालं नाही तर तुम्हाला न विचारता आम्हीच पैसे परत करू."

शेवटच्या दोन ओळी लिहिताना हात थरथरला होता, बायको म्हणाली स्वतःहून कशाला पैसे परत द्यायची भाषा. पण त्याच ओळींमुळे फोन थांबले. माणसाला भीती उशिराची कमी आणि पैसे अडकण्याची जास्त असते, शेवटची तारीख दिसली की तो निवांत होतो. उत्तर नाही आलं तर काय, हे लिहिलं नाही तर गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं हे तुम्हालाच कळत नाही. माझं मत असं की पहिल्या उशिराला, तोही दोन-तीन आठवड्यांचा, गप्प म्हणजे थांबतोय असं धरायला हरकत नाही. दुसऱ्यांदा तारीख हुकली तर मात्र उलटं, स्पष्ट हो आलं नाही तर पैसे परत. माझ्याकडे २४ जण थांबले, ५ जणांनी छोटा तवा घेतला, ८ जणांनी रद्द केलं आणि ४ जणांचं उत्तरच नाही. त्या चौघांना मी फोन केला, दोघांचा मेल स्पॅममध्ये गेला होता. म्हणून व्हॉट्सअपवर पण दोन ओळी टाकाच.

तुमच्याकडे एक चौथा पर्याय निघू शकतो. कोणी चादर आणि उशांचे अभ्रे असं एकत्र घेतलं असेल आणि अभ्रे शिल्लक असतील तर ते आधी पाठवू का विचारा, दुसऱ्यांदाचा कुरिअर खर्च तुमचा. पण हा पर्याय फक्त त्याच लोकांच्या मेलमध्ये, सगळ्यांना टाकला तर एक चादर घेणारा गोंधळतो. तसंच बदलीची वस्तू खरंच हातात असेल तरच लिहा, दुसऱ्या रंगाची चादर "येईल बहुतेक" म्हणून देऊ नका. आणि रिफंडच्या जागी कूपन अजिबात नको, कूपन वरून द्यायचं तर द्या. ई-कॉमर्स नियम २०२० मध्येही आहे की सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, हाताबाहेरची आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी, आणि मागवाल्याला उशीर झाला हे त्यात बसवायला मी तरी जाणार नाही.

रिफंडबद्दल एवढंच की गेटवेमधून त्याच पेमेंटवर रिफंड टाका, वेगळा जीपे करू नका, नंतर हिशोब जुळत नाही. कार्डवाल्याला पैसे दिसायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, ते मेलमध्येच लिहा नाहीतर तिसऱ्या दिवशी "कुठेत पैसे" सुरू. गेटवेने आधी कापलेली फी बहुतेक वेळा आपल्याला परत मिळत नाही, ती आपल्या अंगावर, कस्टमरच्या पैशातून वजा करू नका. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांना तिसरा पर्याय नुसता "रद्द करा" एवढाच, त्यांच्या मेलमधून पैशाची ओळ काढून टाका.

आणि मेल टाकायच्या आधी प्रॉडक्टच्या सेटिंगमध्ये जाऊन Continue selling when out of stock असला काही टिक असेल तर तो काढा. माझा तसाच राहिला होता, मी इकडे माफीचे मेल टाकत होतो आणि तिकडे त्याच रात्री जुन्या तारखेने आणखी तीन ऑर्डरी आल्या.