काट्यावरून ग्रेडिंगला जायचं पत्र

प्रश्न: हिंगणघाटजवळच्या जिनिंगमध्ये सात वर्षं वजनकाट्यावर आहे. आमच्याकडेच ग्रेडिंगला जागा निघाली. अर्जासोबत पत्र मागितलंय. सगळे ओळखतातच, तर लिहू काय?

भाऊ, मीही काट्यावरूनच ग्रेडिंगला गेलो, आणि माझं पहिलं पत्र परत आलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'सहा वर्षे एकही तक्रार न येता काटा सांभाळला.' मॅनेजर हसून म्हणाले, "इतका चांगला काटा सांभाळतं तू, मंग तिथंच राय ना बाप्पा!" त्यांचं चुकलं नव्हतं. त्या पत्रात मला काट्यावरच ठेवायचं कारण होतं, हलवायचं नव्हतं.

सात वर्षांचा पाढा त्यांच्या फायलीत आहेच. तू काट्यावर बसून केलेलं, पण ग्रेडिंगच्या उपयोगाचं असं एक काम शोध. मी दुसऱ्यांदा हे लिहिलं:

'काटापट्टी करताना ग्रेडरच्या चिठ्ठीवरचा ओलावा रोज माझ्या हाताखालून जातो. एकदा २० क्विंटलच्या गाडीच्या चिठ्ठीवर ८ टक्के होते, पण तळातला कापूस हाताला ओला लागला. ग्रेडरसाहेबांना बोलावून परत मोजले, ११ आले.'

सीसीआयचा हमीभाव ८ टक्के ओलाव्याला धरलेला असतो, वर प्रत्येक टक्क्याला दर एक टक्का उतरतो आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. म्हणजे त्या गाडीत दर तीन टक्के फिरला. हे मॅनेजरला समजावावं लागलं नाही. तुझा प्रसंग तुझाच हवा, आणि ग्रेडर वाचणार आहे, म्हणून त्याची चूक पकडल्याचा सूर नको. मी 'बोलावून' लिहिलं ते त्यासाठीच.

जे येत नाही तेही लिही. मला स्टेपल हाताने ओढून लांबी सांगता येत नव्हती. 'दुपारी गाड्या कमी असताना ग्रेडरसाहेबांजवळ बसून शिकतो आहे' एवढंच लिहिलं. ते खरं होतं, म्हणून चाललं. खोटं असेल तर ते पहिल्याच दिवशी मूठभर कापूस हातात देतील.

खरी अडचण वेगळीच असते: काट्यावर कोण बसणार? दिवाळीनंतर गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते, तेव्हा तुला कोणी सोडणार नाही. म्हणून तारखेसकट लिही. 'मार्च अखेरीस आवक कमी झाल्यावर बदली मिळावी, त्याआधी नव्या माणसाला १५ दिवस सोबत बसवून रिकाम्या-भरल्या गाडीची नोंद आणि पट्टी शिकवीन.' जागा आत्ताच भरायची असेल, तर कोणाला शिकवशील त्याचं नाव दे, पण आधी त्याला विचार.

रात्रपाळी, धूळ, सध्याच्या साहेबांशी खटके, यातलं काही पत्रात नको. पगाराचं तोंडी बोल.

पत्र एका पानात बसव, वर 'मार्फत' म्हणून सध्याच्या साहेबांचं नाव टाक. आणि ते मॅनेजरच्या टेबलावर जायच्या आदल्या दिवशी त्यांना स्वतः सांग. माझ्या साहेबांना हे दुसऱ्याकडून कळलं होतं, महिनाभर बोलले नाहीत.