डेटा ‘व्हाईट’ करणं म्हणजे साफ करणं नव्हे

विचारणा: ऑफिसात सगळे म्हणतात, ‘आधी डेटा व्हाईट कर, मग मॉडेलला दे.’ इथे ‘व्हाईट’ म्हणजे साफ केलेला, चुका काढलेला, असंच ना? आणि त्या आधी जे लंबवर्तुळ काढतात त्याच्या अक्षांची लांबी म्हणजे आयगेनव्हॅल्यूच का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा ‘व्हाईट’ स्वच्छतेतला नाही, ‘व्हाईट नॉइज’मधला आहे. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात, म्हणून ज्या गोंगाटात सगळ्या कंपनसंख्यांचा जोर सारखा असतो त्याला व्हाईट नॉइज म्हणायला लागले. तिथून हा शब्द आकडेशास्त्रात आला. डेटा व्हाईट केला म्हणजे तो सगळ्या दिशांना सारखाच पसरलेला आहे आणि त्याच्या रकान्यांमध्ये कोव्हेरियन्स उरलेला नाही. चुकीची नोंद असेल तर ती यानंतरही तशीच राहते.

हे समजायला लंबवर्तुळापासूनच निघावं लागतं. मुंबईत हवामान खात्याच्या दोन जुन्या वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रुझ. दोन्हीकडच्या रोजच्या कमाल तापमानाचे दोन रकाने आपल्याकडे आहेत असं धरू. आडव्या अक्षावर सांताक्रुझ, उभ्यावर कुलाबा धरून रोजचा एक बिंदू मांडला की बिंदूंचा जो ढग दिसतो, त्याच्याभोवती काढतात ते हे लंबवर्तुळ. पुढचे आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून निवडलेत, खात्याचे नाहीत. सांताक्रुझची सरासरी ३२ अंश, व्हेरियन्स ५. कुलाब्याची सरासरी ३१, व्हेरियन्स २, कारण समुद्र तिथे तापमान फार हलू देत नाही. दोघांचा कोव्हेरियन्स २. म्हणजे कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची पहिली ओळ ५, २ आणि दुसरी २, २.

आता या मॅट्रिक्सने (२, १) या व्हेक्टरला गुणून बघा. ५×२ + २×१ = १२ आणि २×२ + २×१ = ६. उत्तर (१२, ६), म्हणजे तोच व्हेक्टर सहापट झाला, दिशा जराही बदलली नाही. (१, −२) ला गुणलं तर तो जसाच्या तसा परत येतो. हे दोन आयगेनव्हेक्टर, आणि ६ व १ या त्यांच्या आयगेनव्हॅल्यू. दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात आहेत. लंबवर्तुळाचा दीर्घ अक्ष (२, १) च्या दिशेने जातो: सांताक्रुझ दोन अंश चढलं की कुलाबा एक अंश चढतं. ही रिग्रेशनची रेषा मात्र नव्हे. सांताक्रुझवरून कुलाब्याचा अंदाज बांधायच्या रेषेचा चढ २/५, म्हणजे ०.४ येतो, तर अक्षाचा चढ ०.५ आहे. या दोन रेषा एकच समजणं ही नेहमी होणारी गल्लत आहे.

आता लांबी. ६ हा त्या दिशेने मोजलेला व्हेरियन्स आहे, म्हणजे त्याचं एकक ‘अंश वर्ग’. लांबी अंशात हवी, म्हणून वर्गमूळ घ्यायचं: √६ = २.४५ आणि √१ = १. तेही अर्ध्या अक्षाची लांबी म्हणून, केंद्रापासून कडेपर्यंत. पूर्ण अक्ष त्याच्या दुप्पट. एवढ्याच लंबवर्तुळात साधारण ६८ टक्के दिवस येतील असं पुष्कळांना वाटतं, पण ते एका चलाचं गणित झालं. दोन चलं नॉर्मल पद्धतीने पसरलेली असतील तर यात फक्त ३९ टक्के बिंदू बसतात. ९५ टक्के हवे असतील तर दोन्ही लांब्या २.४५ पट कराव्या लागतात (हा २.४५ म्हणजे √५.९९, √६ शी तो जुळला हा निव्वळ योगायोग). मग अर्धे अक्ष ६ आणि २.४५ अंश होतात. आलेखात दोन्ही अक्षांना एकच मापपट्टी ठेवा, नाहीतर काटकोन तिरका दिसेल आणि गणित चुकलंय असं वाटत राहील.

व्हायटनिंग म्हणजे हेच लंबवर्तुळ वर्तुळ करून टाकणं. प्रत्येक दिवसातून सरासरी वजा करायची, उरलेला फरक दोन्ही अक्षांच्या दिशेने मोजायचा आणि प्रत्येक मापाला त्या दिशेच्या आयगेनव्हॅल्यूच्या, म्हणजे λ च्या, वर्गमूळाने भागायचं.

```python
import numpy as np

C = np.cov(X, rowvar=False)
lam, V = np.linalg.eigh(C)
Z = (X - X.mean(axis=0)) @ V / np.sqrt(lam)
```

`X` मध्ये दर दिवसाची एक ओळ आणि दोन ठिकाणांचे दोन रकाने आहेत. `eigh` लहान आयगेनव्हॅल्यू आधी देतं, आणि व्हेक्टर `V` च्या स्तंभांत असतात, ओळींत नाही. जमलं की नाही ते `np.cov(Z, rowvar=False)` ने कळतं: कर्णावर १ आणि बाकी शून्य यायला हवं.

याने काय साधतं ते दोन दिवसांवरून बघू. पहिल्या दिवशी सांताक्रुझ ३६, कुलाबा ३३. दुसऱ्या दिवशी सांताक्रुझ ३४, कुलाबा २९. सरासरीपासून पहिला दिवस ४.४७ अंश दूर आहे, दुसरा २.८३. साध्या नजरेला पहिलाच जास्त वेगळा वाटेल. पण पहिल्याचा सगळा फरक दीर्घ अक्षावर पडतो, त्याला २.४५ ने भागलं की उरतात १.८३. दुसऱ्याचं दीर्घ अक्षावरचं माप ०.८९, भागून ०.३७, लघु अक्षावरचं २.६८, आणि ते १ नेच भागायचं. दोन्ही मिळून अंतर २.७१. म्हणजे हा दिवस ९५ टक्क्यांच्या लंबवर्तुळाबाहेर गेला. गंमत ही की दोन्ही तापमानं सुटी पाहिली तर प्रत्येक आपापल्या सरासरीपासून दीड स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आतच आहे. चमत्कारिक आहे ती त्यांची जोडी: सांताक्रुझ चढलेलं असताना कुलाबा उतरलेलं. व्हाईट केल्यावर मोजलेलं हे अंतर म्हणजेच प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेलं महालनोबिस अंतर.

भागाकारातच धोकाही आहे. दोन रकाने जवळजवळ एकच गोष्ट सांगत असतील तर लहान λ शून्याला टेकते. समजा ती ०.०१ आहे. मग ०.१ ने भागावं लागतं, आणि तापमापीतली ०.१ अंशाची चूक व्हाईट झाल्यावर अख्ख्या १ एवढी होते. साफ होण्याऐवजी चूक फुगते. म्हणून λ मध्ये आधी थोडी भर घालून मग भागतात.

शेवटी तुमच्या ‘चुका काढलेला’ या अर्थाबद्दल. तापमानाऐवजी जुलै २००५ चा पाऊस घ्या. २६ तारखेच्या २४ तासांत सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पडला, आणि कुलाब्याला ७५ च्याही आत. ही नोंद खरीच आहे, पण कोव्हेरियन्स काढताना हा एक दिवस दीर्घ अक्ष सांताक्रुझच्या बाजूला ओढून घेतो आणि लांबही करतो. मग त्याच फुगलेल्या लांबीने त्यालाच भागलं जातं, त्यामुळे तो वाटतो तितका दूर दिसत नाही. याला पक्की मर्यादाच आहे: n दिवसांच्या डेटात कुठल्याही दिवसाच्या अंतराचा वर्ग (n−१)²/n च्या पुढे जाऊ शकत नाही. जुलैच्या ३१ दिवसांना तो २९.०३, म्हणजे अंतर फार तर ५.३९. पाऊस ९४४ असो की ९,४४०, त्यापुढे नाही. असा दिवस ओळखायचा असेल तर त्याला बाजूला ठेवून उरलेल्या ३० दिवसांवर सरासरी आणि कोव्हेरियन्स काढा, आणि मग त्याचं अंतर मोजा.