‘चिरडू नका’ लिहिलं, तरी गोळी खलबत्त्यात गेली

प्रश्न: डिचोलीतल्या एका फार्मसीसाठी औषधांच्या पाकिटांवर लावायच्या मराठी चिठ्ठ्या करतेय. ‘डू नॉट क्रश’, ‘एक्स्टेंडेड रिलीज’, ‘कीप रेफ्रिजरेटेड’ हे लोकांना कळेल असं कसं लिहू? शब्दकोशातले शब्द वाचून मलाच हसू येतं.

उत्तर: वाळपईच्या बाजूला मी बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर आहे, आणि अशा चिठ्ठ्या करताना एकदा सपशेल आपटलोय. तेच सांगतो.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआर गोळ्यांच्या पाकिटावर मी लिहिलं होतं: ‘विस्तारित प्रकाशन गोळी. चिरडू नका.’ पहिलं वाक्य एका मास्तरांनी वाचलं आणि विचारलं, पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली काय? ते हसण्यावारी गेलं. दुसरं वाक्य महागात पडलं. एक काकी नवऱ्याची गोळी रोज खलबत्त्यात कुटून पेजेत घालत होत्या. नवऱ्याला मळमळ, जुलाब. मी चिठ्ठी दाखवली तर म्हणाल्या, “चिरडली कुठे? बारीक कुटली!” त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे चिरडतं ते गाडीखाली किंवा दारात सापडून. गोळी आपण कुटतो, तिचा चुरा करतो, पाण्यात विरघळवतो. म्हणून हातानं जे केलं जातं त्याचंच क्रियापद घ्या: ‘कुटू नका, चावू नका, विरघळवू नका. अख्खी गिळा.’

पण काकी कुटत का होत्या? नवऱ्याला शौचातून गोळी जशीच्या तशी पडलेली दिसली होती. औषध वायाच जातंय, असं दोघांना वाटलं. खरं तर अशा काही गोळ्यांचा सांगाडा पोटात पूर्ण विरघळत नाही. औषध त्यातून तासन् तास पाझरत राहतं आणि उरलेला मऊ, रिकामा गोळा बाहेर पडतो. कुटली की दिवसभराचा डोस एकदमच पोटात उतरतो. मेटफॉर्मिनमध्ये त्यानं पोट बिघडतं, पण रक्तदाबाच्या निफेडिपिनची अशी गोळी कुटली तर दाब झपकन खाली येऊ शकतो. आता मेटफॉर्मिनच्या चिठ्ठीवर मी एक ओळ जास्त घालतो: ‘शौचात गोळीसारखं काही दिसलं तर घाबरू नका, औषध अंगात गेलेलं असतं.’ मूळ लेबलावर ही ओळ नसेल तर दुकानातल्या फार्मासिस्टला विचारूनच घाला.

‘एक्स्टेंडेड रिलीज’ला मी दोन शब्द टाकून दिले. ‘दीर्घ परिणामकारक’ वाचून लोकांना गोळी जास्त पॉवरची वाटते. ‘हळू काम करणारी’ त्याहून वाईट: तासाभरात फरक वाटला नाही की माणूस दुसरी घेतो. हळू होतं ते औषधाचं सुटणं, एवढंच सांगायचं: ‘औषध थोडं थोडं सुटत राहणारी गोळी’. लांब आहे, पण कळतं. पुढे पाकिटावरची एसआर, ईआर किंवा एक्सआर ही अक्षरं तशीच ठेवा, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीशी गिऱ्हाईक तीच ताडून बघतं.

आणि ‘तोडू नका’ स्वतःहून जोडू नका. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही एसआर गोळ्यांना मधोमध रेघ असते. त्या रेघेवर अर्धी करून घ्यायला डॉक्टर सांगतात, कुटायला मात्र नाही. मुळात जेवढी मनाई आहे तेवढीच लिहा.

‘कीप रेफ्रिजरेटेड’ला ‘शीतकपाटात’ कोणी समजणार नाही आणि ‘थंड जागी’ तर साफ चूक. आमच्याकडे थंड जागा म्हणजे माठाजवळचा कोपरा, आणि मे महिन्यात तिथंही इन्सुलिनला लागणारं २ ते ८ अंश मिळत नाही. सरळ ‘फ्रिजमध्ये ठेवा’ लिहा. एवढ्यानंही भागत नाही. एकानं न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजरमध्ये बांगडा मासळीशेजारी ठेवलं होतं, कारण फ्रीजरही फ्रिजच. ‘गोठवू नका’ लिहिलेलं होतं, पण तो म्हणाला, मी बर्फ करायला थोडाच ठेवला! म्हणून जागेचं नाव घ्या: ‘फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. फ्रीजरमध्ये नको. गोठलं तर वापरू नका.’ गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा छान स्वच्छ दिसलं तरी भरवशाचं राहत नाही.

वापरायला काढलेलं पेन मात्र बहुतेक इन्सुलिनांत बाहेर ठेवता येतं, साधारण चार आठवडे, उन्हाउष्णतेपासून दूर. नेमके दिवस आणि तापमान त्या औषधाच्या आतल्या कागदावरून घ्या, आणि चिठ्ठीवर ‘उघडल्याची तारीख’ लिहायला रिकामी जागा सोडा.

छापण्याआधी चिठ्ठी इंग्रजी न वाचलेल्या दोघातिघांना द्या. “समजलं का?” विचारू नका, सगळे हो म्हणतात. “आता ही गोळी कशी घेणार?” विचारा. चिठ्ठी चिकटवताना बॅच नंबर आणि एक्सपायरी झाकली जाणार नाही एवढं बघा. माझी पहिली खेप नेमकी त्यावरच चिकटली होती.