मणी चुकला की माळ चुकली?

"ताई, माळ हातात घेतली की पाच-सहा मण्यांतच मन भलतीकडे जातं. बोटं आपली मणी ओढत राहतात. भानावर आले की वाटतं, हे मणी काही खरे नव्हेत. मग पुन्हा पहिल्यापासून. एका माळेला तास-सव्वा तास जातो. माझी श्रद्धाच कमी पडते आहे का?"

विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या. उभं आयुष्य हिशेब तपासण्याच्या कामात गेलेलं. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.) श्रद्धेबद्दल मी पहिल्या भेटीत काहीच बोलले नाही, आधी वेळेचा हिशेब मांडला. त्यांचं नाम छोटं, एकदा म्हणायला साधारण तीन सेकंद. १०८ वेळा म्हटलं तर साडेपाच मिनिटांच्या आत माळ व्हावी. सावकाश म्हटलं, मध्ये मन भरकटलं, तरी दहा मिनिटं. म्हणजे उरलेली पन्नास मिनिटं माळ पुढे जातच नव्हती, मागे फिरत होती. हे त्यांच्या हिशेबी डोक्याला लगेच पटलं.

दुसऱ्या भेटीत आम्ही एक साधा प्रयोग केला. मी म्हटलं, "माळ बाजूला ठेवा. मनातल्या मनात नाम घ्या आणि किती झाली तेही मनातच मोजा." विसाच्या आतच त्या थांबल्या. सतरा झाले की अठरा, सांगता येईना. मग माळ दिली, डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं, "आता आकडा मोजू नका, फक्त नामामागे एक मणी." मी मध्येच थांबवलं तेव्हा त्यांना किती झाली हे ठाऊक नव्हतं, पण मोजली तर बरोबर निघाली. त्या क्षणभर माळेकडे बघत राहिल्या. "मग आकडा होता कुठे?" "बोटांत," मी म्हटलं.

याचं कारण आपल्या स्मरणाच्या रचनेत आहे. मनात शब्द म्हणायला आणि मनात आकडा धरून ठेवायला आपण एकच आतला आवाज वापरतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तात्पुरत्या, कामापुरत्या स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात या आतल्या आवाजाला स्वतंत्र जागा आहे आणि ती फार अरुंद आहे. त्या जागेत नाम असेल तर आकडा ढकलला जातो, आकडा धरला तर नाम नुसतं ओठांवर उरतं. माळ हा तिढा सोडवते. आकड्याचं ओझं ती स्पर्शाकडे देते आणि आतला आवाज पूर्ण नामाला मोकळा राहतो. तो आवाज नामाने भरलेला असला की काळजीची वाक्यं तिथे सहज शिरत नाहीत. मोजण्याने एकाग्रतेला मदत होते ती अशी. मोजदाद होत राहते, पण मोजावं लागत नाही.

मग बिघडलं कुठे? तिसऱ्या भेटीत ते आपोआप बाहेर आलं. मणी सुटला असेल या शंकेने त्यांनी काही महिन्यांपूर्वी बोटात घालायचा काउंटर घेतला होता. बटण दाबलं की पडद्यावर आकडा. प्रत्येक नामानंतर त्या तो आकडा बघत होत्या. बोटांकडे दिलेलं काम त्यांनी पुन्हा डोळ्यांकडे आणि डोक्याकडे ओढून घेतलं होतं. आता नाम चालताना मनात 'चाळीस झाले, अडुसष्ट उरले' असा दुसरा जप सुरू असायचा. काउंटर वाईट असं मी म्हणत नाही. प्रवासात, गर्दीत अनेकांना तो सोयीचा पडतो. पण ज्याला तपासण्याची ओढ आहे त्याच्यापुढे सतत आकडा ठेवणं नको. जप करणारे माळ गोमुखीत का ठेवतात, याला धार्मिक कारणं आहेतच. एक उपयोग मात्र मी रोज पाहते : किती उरले हे दिसत नाही.

यानंतर मी त्यांना इतर धर्मांतल्या माळांबद्दल सांगितलं. त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे होतं. रोझरीत दहा लहान मण्यांवर दहा वेळा मरियेची प्रार्थना होते, मग थोड्या अंतरावर एक वेगळा मणी येतो. तिथे शब्द बदलतात आणि 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना येते. असे पाच दशक. नमाजानंतरच्या तसबीहमध्ये ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्याची पद्धत रूढ आहे. ९९ मण्यांच्या तसबीहमध्ये प्रत्येक ३३ नंतर वेगळ्या आकाराचा मणी ओवलेला असतो. अनेक मुसलमान तर माळही घेत नाहीत, बोटांच्या पेरांवरच मोजतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधूंच्या हाती मणी नव्हे, लोकरीच्या गाठींची दोरी असते, ३३, ५० किंवा १०० गाठींची.

या सगळ्यांत मला महत्त्वाचा वाटतो तो मधला थांबा. बोटांना सवय झाली की ती मनाशिवायही चालतात, हा माळेचा अंगभूत धोका आहे. अंगठा आणि मधलं बोट एक लय पकडतात आणि मन मोकळं सुटतं. बाईंची तक्रार नेमकी हीच होती, आणि यात श्रद्धेचा काही दोष नाही. शिकलेली कुठलीही हालचाल अशीच आपोआप होऊ लागते. रोझरीत दहानंतर बोटाला वेगळं काही लागतं, शब्द बदलावे लागतात, म्हणून झोपलेलं लक्ष जागं होतं. तसबीहमध्ये ३३ नंतर तेच. आपल्या बहुतेक जपमाळांत मात्र मेरुमणी येईपर्यंत १०८ मणी एकसारखे, नामही एकच. भटकायला रान मोठं. म्हणून काही माळांत २७, ५४ आणि ८१ नंतर वेगळे मणी ओवतात. बाईंच्या माळेत ते नव्हते. आम्ही त्या तीन ठिकाणी मऊ दोरा बांधला. दोरा बोटाला लागला की एकच गोष्ट करायची : आत्ता मी नामात आहे की नाही, एवढं बघायचं आणि पुढचा मणी घ्यायचा. मागचा हिशेब नाही.

आणखी एक लहान बदल केला. त्या नाम सुरू करतानाच मणी ओढत. त्यामुळे हात पुढे धावायचा. नाम पूर्ण झाल्यावर मणी सोडायचा असं ठरवलं. वेग आपोआप उतरला. २००१ मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी माणसांवरचा अभ्यास मांडला होता. लॅटिनमधली आवे मारिया आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हे दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाच्या लयीवरही त्याचा अनुकूल परिणाम दिसला. अभ्यास लहान आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण घाईघाईने माळा उरकल्या तर हा संथ श्वास मिळणार नाही, एवढं त्यावरून नक्की समजतं.

आता मागे फिरण्याचा प्रश्न. मन भटकणं वेगळं आणि भटकल्याची शिक्षा म्हणून पुन्हा सुरू करणं वेगळं. पहिलं सगळ्यांचं होतं. दुसरं वाढत गेलं तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असू शकतो. मी काही गोष्टी नेमक्या विचारल्या. माळ अर्धी सोडली तर घरच्यांचं काही वाईट होईल असं वाटतं का? दाराची कडी, हात धुणं, गॅस, इथेही असंच होतं का? झाली ती माळ 'बरोबर' झाली असं समाधान कधी मिळतं का? दिवसाकाठी तासाहून जास्त वेळ यात जाणं आणि त्यामुळे झोप, काम, नाती विस्कटणं ही गंभीर खूण असते. बाईंचा वेळ त्या रेषेवर होता, पण भीती माळेपुरतीच होती. अनिष्टाची कल्पना नव्हती, होती ती 'हिशेब जुळला नाही' ही बोच. अनिष्टाची भीती असती किंवा इतर ठिकाणीही तेच चाललं असतं, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. अशा वेळी नुसत्या दोऱ्याने भागत नाही.

त्यांना त्यांच्या गुरूंचा शब्द हवा होता. मी म्हटलं, विचारा, पण एकदाच. रोज नवी शंका घेऊन गेलात तर तेही मागे फिरणंच होईल. गुरूंनी सांगितलं की १०८ ची माळ शंभर धरायची, वरचे आठ विसरलेल्या नामांचे. ही समजूत अनेक हिंदू साधकांत आहे, तिबेटी बौद्धांतही आहे. म्हणजे ज्यांनी या माळा घडवल्या त्यांनी माणसाचं मन भटकणार हे धरूनच मणी ओवले होते. बाईंचे डोळे भरून आले. आयुष्यभर त्यांनी ताळेबंदात एका रुपयाचा फरक सोडला नव्हता.

पुढचे सहा आठवडे नियम तीन. काउंटर कपाटात. दिवसाला एकच माळ, मध्ये काहीही झालं तरी मागे नाही. आणि तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यात दोनदा मुद्दाम एक मणी नामाशिवाय सोडायचा, माळ तशीच पूर्ण करायची आणि उठायचं. हा तिसरा नियम त्यांना सगळ्यात जड गेला. पहिल्या दिवशी त्या अर्धा तास अस्वस्थ होत्या, परत माळ घ्यायला हात दोनदा गेला. मी आधीच सांगितलं होतं की ही अस्वस्थता घालवायला काही करायचं नाही, ती चढते आणि आपली आपण उतरते. मनाला ते कळावं म्हणूनच हा नियम. पाचव्या आठवड्यात ती दहा मिनिटांत ओसरू लागली. माळ बारा-तेरा मिनिटांवर आली. मन भटकणं थांबलं नाही, तसं मी कबूलही केलं नव्हतं. फक्त भटकलेलं लवकर लक्षात येऊ लागलं, पूर्वी चाळीस मण्यांनी, आता बहुतेकदा पुढच्या दोऱ्याच्या आत.

शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "काल दुसरा दोरा कधी गेला कळलंच नाही. तिसरा लागला तेव्हा जागी झाले."

"मग?"

"मग काय, तिथूनच पुढे गेले."