एक ‘घटक’, दोन अर्थ: द्विघटक यंत्रणा आणि सिग्मा

प्रश्न: “‘नत्राची टंचाई झाली की द्विघटक यंत्रणेतला सिग्मा घटक जनुके चालू करतो’ असं वाक्य एका अनुवादात वाचलं. सिग्मा त्या दोन घटकांपैकी एक आहे का? आणि घटक दोनच असतील तर एनटीआर-ए, एनटीआर-बी, एनटीआर-सी अशी तीन नावं कशी?”

द्विघटक यंत्रणा म्हणजे जिवाणूत बाहेरची बातमी जनुकांपर्यंत पोचवणारी दोन प्रथिनांची जोडी, आणि सिग्मा त्या दोघांपैकी नाही. वाक्य चुकलंय, पण सगळा दोष अनुवादकाच्या माथी मारता येणार नाही. ‘कॉम्पोनंट’ला आपण घटक म्हणतो आणि ‘फॅक्टर’लाही घटकच म्हणतो, त्यामुळे दोन वेगळ्या वस्तू एका नावाखाली येऊन बसल्या. आघाडीतला घटकपक्ष हा पहिल्या अर्थाचा घटक: पूर्ण वस्तूतला एक वाटेकरी. दुसऱ्या अर्थासाठी शाळेच्या गणितात आपण ‘अवयव’ म्हणतो, पण ‘सिग्मा अवयव’ म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बेडकाची चिरफाड येईल. म्हणून पुस्तकवाल्यांनी तिथेही ‘घटक’ लावून दिला असावा.

सिग्माला ‘फॅक्टर’ का म्हणाले, ते आधी पाहू. जनुकावरचा मजकूर उतरवून घेणारं जिवाणूतलं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. ई. कोलाय या जिवाणूतून ते शुद्ध करताना १९६० च्या दशकाच्या शेवटी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. फॉस्फोसेल्युलोज भरलेल्या नळीतून ते गाळून काढलं, की एरवी टी-४ विषाणूचा डीएनए भराभर वाचणारं हेच यंत्र तो जवळजवळ वाचेनासं व्हायचं. नळीतून वेगळा निघालेला एक भाग परत मिसळला, की गाडी पुन्हा रुळावर. रिचर्ड बर्जेस, अँड्र्यू ट्रॅव्हर्स, जॉन डन आणि एकेहार्ट बाउट्झ यांनी १९६९ मध्ये त्या भागातलं प्रथिन पुढे आणलं, ते सिग्मा. एखादी गोष्ट असली की काम होतं, नसली की होत नाही, तिला जीवरसायनवाले ‘फॅक्टर’ म्हणतात. रक्त गोठण्यासाठी लागणारा ‘फॅक्टर आठ’ याच चालीचा.

सिग्माचं काम पॉलिमरेजला जागा दाखवण्याचं. जनुकाच्या सुरुवातीला डीएनएवर ठरावीक अक्षरांची पाटी असते, ती ओळखून सिग्मा यंत्राला तिथे बसवतो. ई. कोलायमध्ये असे सात सिग्मा आहेत आणि प्रत्येकाची पाटी वेगळी. रोजच्या जनुकांचा सिग्मा-७०, उष्णतेच्या तडाख्यातला सिग्मा-३२, आणि आपल्या गोष्टीतला सिग्मा-५४. हे आकडे क्रमांक नव्हेत, त्या प्रथिनाचं किलोडाल्टनमधलं वजन आहे. ‘चोपन्नावा सिग्मा’ असा अनुवादही मी वाचलाय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता तुमच्या तीन नावांकडे. ‘एनटीआर’ म्हणजे नायट्रोजन रेग्युलेशन. नत्राची टंचाई पेलता न येणारे उत्परिवर्ती जिवाणू जमवताना तीन जनुकं हाती लागली आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं मिळाली. तेव्हा तिघंही एकाच घरातली वाटत होती. एनटीआर-ए हा खरं तर सिग्मा आहे, म्हणजे पॉलिमरेजचा माणूस, हे १९८५ मध्ये सिद्ध झालं. मग त्याचं नाव बदलून आरपीओ-एन झालं, पण जुनं नाव पुस्तकांत रेंगाळलं. उरले बी आणि सी. १९८६ मध्ये निक्सन, रॉन्सन आणि ऑसुबेल यांनी दाखवलं, की बी आणि सी यांच्यासारखीच प्रथिनांची जोडी इतर जिवाणूंत, अगदी वेगळ्या कामांसाठीही सापडते. ‘टू-कॉम्पोनंट’ हे विशेषण त्यांनी याच जोड्यांना लावलं. म्हणजे ज्या उदाहरणावरून हे नाव रूढ झालं, त्याच उदाहरणात सिग्मा शेजारी उभा होता आणि दोनांच्या मोजणीत धरलेला नव्हता. तुमचा घोळ नेमका इथला.

एकाच जनुकावर, म्हणजे जीएलएन-ए वर, हे सगळे काय करतात ते पाहू. हे जनुक ग्लुटामाइन सिंथेटेज बनवतं. अमोनिया कमी असताना तो पकडून ग्लुटामाइन तयार करणारं हेच प्रथिन, म्हणून टंचाईत त्याची भरपूर गरज.

पेशीतलं ग्लुटामाइन उतरलं, की ती बातमी आधी जीएलएन-डी या प्रथिनाला लागते. ते पी-टू नावाच्या एका छोट्या प्रथिनावर खुणेचा रेणू चिकटवतं. एरवी पी-टू हे एनटीआर-बी ला बिलगून त्याला दाबून ठेवतं, खूण लागली की सोडतं. मोकळं झालेलं एनटीआर-बी, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतला फॉस्फेट घेऊन स्वतःच्याच साखळीतल्या १३९व्या जागेवरच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर लावतं. (शेतकरी नत्र-स्फुरद-पालाश म्हणतात त्यातलं हे स्फुरद. टंचाई नत्राची, निरोप स्फुरदाचा.) एनटीआर-सी तो फॉस्फेट आपल्या ५४व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लावर ओढून घेतं. हा ५४ आणि सिग्मा-५४ मधला ५४ यांचा काडीचा संबंध नाही. एक जागेचा क्रमांक, दुसरं वजन. इथेही लोक फसतात.

फॉस्फेट हिस्टिडीनवरून अ‍ॅस्पार्टेटवर गेला, एवढाच द्विघटकाचा ‘द्वि’. पहिला ऐकणारा, दुसरा करणारा. तरी ‘ऐकणारा’ हेही जरा सैल झालं, कारण एनटीआर-बी स्वतः ग्लुटामाइन चाखत नाही, त्याला पी-टू कडून कळतं. अशा प्रथिनाला ‘संवेदक’ म्हणायची पद्धत आहे. इतर बऱ्याच जोड्यांत ते चपखल बसतं, इथे समजून घ्यावं लागतं. शिवाय ग्लुटामाइन पुरेसं झालं की पी-टू पुन्हा बिलगतं आणि तेच एनटीआर-बी उलट काम करायला लागतं: एनटीआर-सी वरचा फॉस्फेट काढून टाकायला मदत करतं. बंद करणाराही तोच. आणि अ‍ॅस्पार्टेटवरचा फॉस्फेट तसाही फार टिकत नाही, कुणी काढला नाही तरी काही मिनिटांत गळून पडतो.

एवढं होईस्तोवर सिग्मा-५४ काय करत असतो? तो पॉलिमरेजला घेऊन जीएलएन-ए च्या पाटीपाशी येऊन बसलेला असतो. पण सिग्मा-७० वालं यंत्र सहसा डीएनएचे दोन धागे स्वतःच उलगडून चालू लागतं, तसं सिग्मा-५४ वाल्याला जमत नाही. एसटी फलाटाला लागली आहे, चालक जागेवर आहे, पण वाहकाची डबल बेल होत नाही, तशी ही स्थिती. बेल देतं ते एनटीआर-सी. फॉस्फेट मिळालेली एनटीआर-सी प्रथिनं एकत्र येऊन सहाचं कडं करतात. त्यांची डीएनएवरची बसण्याची जागा मात्र सिग्मापासून बरीच मागे आहे, जनुक सुरू होतं तिथून सुमारे १०८ आणि १४० अक्षरं अलीकडे. मग बेल पोचते कशी? मधला डीएनए वाकून फासा होतो आणि कडं थेट सिग्माला येऊन भिडतं. १९८६ मध्ये राइट्झर आणि मॅगॅसॅनिक यांनी ही जागा हजाराहून जास्त अक्षरं दूर नेऊन पाहिली, तरी जनुक चालू झालं. १९९० मध्ये हा फासा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. भिडल्यावर कडं एटीपी मोडतं, त्या जोरावर धागे उलगडतात आणि जनुक वाचलं जायला लागतं.

सिग्मा आणि ही जोडी वेगळी आहे हे ओळखायची एक सुंदर खूण जनुकशास्त्रात आहे. सिग्मा-५४ चं जनुक मोडलं, की जिवाणू बाहेरून ग्लुटामाइन दिल्याशिवाय वाढत नाही. हे अपेक्षितच. पण त्याच जिवाणूतलं एनटीआर-सी सुद्धा मोडलं, तर मागणी संपते, तो पुन्हा आपलं आपण वाढतो! कारण असं, की जीएलएन-ए ला सिग्मा-७० ची दुसरीही एक पाटी आहे आणि एनटीआर-सी तिच्यावर बसून ती अडवतं. सिग्मा-५४ नसताना पुढचं दार बंद, आणि एनटीआर-सी मुळे मागचंही बंद. एनटीआर-सी गेलं की मागचं किलकिलं होतं, पोटापुरतं ग्लुटामाइन बनतं. एकाच यंत्रणेचे दोन भाग असते, तर दुसरा मोडल्यावर पहिल्याची उणीव अशी भरून निघाली नसती.

या गोष्टीत सिग्मा-५४ बातमी आणत नाही. टंचाई असो वा सुकाळ, त्याचं प्रमाण साधारण तेवढंच राहतं. बदलतो तो एनटीआर-सी वरचा फॉस्फेट. पण ‘सिग्मा कधीच बातमी आणत नाही’ असा नियम करू नका. सिग्मा-३२ चं उलट आहे. तीस अंशांवर तो तयार होतो आणि मिनिटभरात निम्मा मोडला जातो. तापमान बेचाळीस अंशांवर नेलं की त्याच्या आरएनएची घडी उलगडून तो जास्त बनतो, शिवाय मोडणंही मंदावतं, आणि उष्णतेत बिघडलेली प्रथिनं सावरणारी जनुकं चालू होतात. तिथे हिस्टिडीन नाही, अ‍ॅस्पार्टेट नाही, जोडीच नाही. निरोप्या आणि वाटाड्या दोन्ही सिग्माच.

आता शब्द. ‘द्विघटक’ राहू द्यावा, तो बरोबर आहे आणि रुळलाही आहे. बोलताना मी ‘जोडगोळी’ म्हणतो, पण लिहिताना ते हलकं वाटतं. बदलायचं तर ‘सिग्मा घटक’. हिंदीत ‘कारक’ चालतं, पण मराठीत रोगकारक, हानिकारक वाचून वाचून कारक म्हणजे घडवून आणणारा असं मनात बसलंय, आणि सिग्मा-५४ तर बेल होईपर्यंत काहीच घडवत नाही. मी सरळ ‘सिग्मा प्रथिन’ लिहितो, किंवा नुसतं ‘सिग्मा’. त्यात काही हरवत नाही. एनटीआर-सी सारख्याला ‘प्रतिसाद-नियामक’ म्हणतात, ते जड आहे पण चुकीचं नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: “नत्राची टंचाई झाली की द्विघटक यंत्रणेतलं एनटीआर-बी हे एनटीआर-सी ला फॉस्फेट देतं, आणि सिग्मा-५४ ने आधीच जागेवर आणून बसवलेल्या पॉलिमरेजला एनटीआर-सी चालू करतं.” मूळ वाक्याच्या दुप्पट झालं, पण कोण कुणाचं हे आता कळतं.